पाऊस पडला की नाही?

आर. के. नारायण यांची 'द गाईड' ही कादंबरी वाचलेला माणूस आणि विजय आनंद यांचा 'गाईड' पाहिलेला माणूस एका टेबलावर बसले, की चहा येण्याआधी वाद सुरू होतो. सिनेमावाला सांगतो की शेवटी धो धो पाऊस पडतो, गावकरी नाचतात आणि राजू मरतो. कादंबरीवाला म्हणतो, छे, पाऊस पडल्याचे कुठेच लिहिलेले नाही. उपासाने खंगलेला राजू नदीत उभा असतो, डोंगरात पाऊस होतोय आणि ते पाणी आपल्या पायांशी चढतेय असे त्याला वाटते, आणि तो खाली बसत जातो. तो मेला की नाही तेही नारायण सांगत नाहीत. मी या वादात दोन्ही बाजूंनी बसलो आहे. सिनेमा आधी पाहिला होता, तोही घरच्या टीव्हीवर, जाहिरातींसकट. कादंबरी पुष्कळ नंतर हाती आली. शेवटचे पान उलटल्यावर पुढचे पान फाटले असावे अशी शंका येऊन मी पुस्तकाची शिवण तपासली होती.

कादंबरीचा सिनेमा होताना कथानक का बदलते, याची ठरीव उत्तरे सगळ्यांना पाठ आहेत. वेळ कमी असतो, निर्मात्याला गल्ला हवा असतो, सेन्सॉर आडवे येते, दिग्दर्शकाला स्वतःचे काही सांगायचे असते. यातले एकही खोटे नाही. पण ही उत्तरे एकेका बदलाकडे सुटे सुटे पाहतात, आणि बदल सुटे येत नाहीत. पटकथाकार एका ठिकाणी गाठ सोडतो आणि तिथून पुढची पाच ठिकाणे आपोआप ढिली पडतात. ती पुन्हा आवळायला त्याला नव्या गाठी माराव्या लागतात. शेवटी आपल्या डोळ्यांत भरते ती बहुधा सर्वांत शेवटची गाठ. 'गाईड'मधला पाऊस ही तशी शेवटची गाठ आहे. पहिली गाठ सुटली ती कथेच्या मध्यावर, एका लग्न झालेल्या बाईने नवऱ्याला कधी सोडले या प्रश्नापाशी.

कादंबरी 1958 साली आली आणि 1960 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मालगुडी या कल्पित गावच्या रेल्वे स्टेशनावर राजूचे दुकान आहे. प्रवाशांना माहिती देता देता तो गाईड होतो, 'रेल्वे राजू' म्हणून ओळखला जाऊ लागतो. माहिती नसली तरी तो देतो, कारण नाही म्हणणे त्याच्या स्वभावात नाही. सगळ्या कथानकाचे बी या एका खोडीत आहे. एकदा मार्को नावाचा संशोधक आणि त्याची बायको रोझी येतात. मार्कोला गुहांतली चित्रे हवी असतात, रोझीला नाचायचे असते. रोझी देवदासींच्या घरातली, अर्थशास्त्रात एम. ए. झालेली. मार्कोने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन जातपात न पाहता शिकलेली बायको शोधली होती. तिच्या नाचाचा मात्र त्याला तिटकारा आहे. मार्को डोंगरातल्या गुहांत गुंतलेला असताना राजू आणि रोझी जवळ येतात. पुढे एका बेसावध क्षणी रोझी स्वतःच नवऱ्यासमोर ते कबूल करून बसते. मार्को मारझोड करत नाही, आरडाओरडाही करत नाही. तो तिच्याशी बोलणे बंद करतो, आठवड्यांमागून आठवडे ती समोर नाहीच असे वागतो, आणि शेवटी तिला स्टेशनवर टाकून निघून जातो.

घटनांचा हा क्रम लक्षात ठेवायला हवा. आधी संबंध, मग कबुली, मग नवऱ्याने टाकणे. नारायण यांच्या राजूच्या हातून चूक होते आणि तो ती चवीने करतो. वाचकाला तो आवडतो, पण त्याच्यावर विश्वास टाकवत नाही.

सिनेमात क्रम उलटा होतो. इथे मार्को गुहेजवळच्या वस्तीतल्या एका बाईबरोबर असल्याचे रोझी स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. तिचे लग्न आधीच मोडल्यात जमा आहे, ती जीव द्यायलाही निघालेली आहे, आणि नवऱ्याला तोंडावर सुनावून ती स्वतः बाहेर पडते. राजूशी तिचे नाते जुळते ते त्यानंतर. आता संबंध आधी आणि टाकणे मागून राहिले नाही. नवऱ्याचा गुन्हा आधी, बायकोचे स्वातंत्र्य नंतर आणि प्रेम सर्वांत शेवटी. मार्कोच्या माथी दोष मारला गेला आणि नायक-नायिकेच्या अंगावरचा डाग पुसला गेला.

हे का करावे लागले, ते समजायला 1965 सालचा हिंदी सिनेमा डोळ्यांपुढे आणावा लागतो. देव आनंद हे त्या वेळचे मोठे नट होते, आणि निर्मिती त्यांच्याच नवकेतनची होती. त्यांचा प्रेक्षक त्यांना लबाड म्हणून चालवून घेत असे. खिसेकापू, जुगारी, टॅक्सीवाला हे सगळे त्यांनी आधी करून झाले होते. पण दुसऱ्याच्या संसारात शिरून बायको फितवणारा नायक ही वेगळीच गोष्ट होती. वहिदा रहमान यांच्यासारख्या अभिनेत्रीने नवरा जिवंत असताना, त्याचा दृश्य असा काही अपराध नसताना दुसऱ्याकडे जायचे, हे त्या काळी सेन्सॉरला खटकले असते, आणि त्याहून जास्त घरच्या बायकांना घेऊन थिएटरात येणाऱ्या माणसाला. कादंबरी आपण एकटे वाचतो. तिच्यातल्या पापाबद्दल शेजारच्या खुर्चीवरून कोणी खाकरत नाही. सिनेमा हजार माणसांच्या देखत घडतो, आणि त्या हजारांत सासू-सासरे असतात. माझ्या मते रूपांतरातले निम्मे नैतिक बदल या फरकातून येतात. सेन्सॉरच्या कात्रीचा नंबर नंतरचा.

पहिली गाठ सुटली, आता पुढच्या. मार्को दोषी ठरवायचा तर त्याच्यात दुष्टपणा हवा. नारायण यांचा मार्को दुष्ट नाही. तो कोरडा आहे, कामात बुडालेला आहे, आणि आपल्या परीने न्यायी आहे. पुढे त्याचा ग्रंथ प्रसिद्ध होतो तेव्हा ज्याने त्याचा संसार मोडला त्या राजूच्या मदतीचाही त्यात तो उल्लेख करतो. केवढा टोचणारा तपशील आहे हा! किशोर साहू यांनी सिनेमात उभा केलेला मार्को थंड, तुच्छतेने पाहणारा आणि वर बाहेरख्याली आहे. अभिनय उत्तम आहे, पण तो माणूस दुसरा आहे.

दुसरी ढिली पडलेली जागा म्हणजे राजूचा गुन्हा. दोन्हीकडे राजू रोझीची खोटी सही करतो आणि त्यासाठी तुरुंगात जातो. प्रकरण असे: रोझीचे दागिने बँकेत ठेवलेले असतात, ते तिला परत मिळावेत म्हणून मार्को वकिलामार्फत कागद पाठवतो, आणि त्यावर तिची सही हवी असते. राजू तो कागद तिला दाखवतच नाही, स्वतः सही ठोकतो. कादंबरीत याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. नवऱ्याचे नाव पुन्हा घरात नको ही भीती आहे, दागिन्यांचा मोह आहे, सगळे आपणच निस्तरू ही गुर्मी आहे, आणि नाही म्हणता न येणारी ती जुनी खोड तर आहेच. सिनेमातल्या राजूला एवढी सगळी कारणे परवडत नाहीत, कारण मघाच आपण त्याला धुऊन स्वच्छ केले आहे. म्हणून तिथे गुन्ह्याचे कारण होते प्रेमातली असुरक्षितता. रोझी मोठी नर्तकी झाली आहे, दुरावा आला आहे, आणि नवऱ्याशी तिचा धागा पुन्हा जुळू नये म्हणून तो सही करतो. सही तीच आहे. पण आता ती लबाडाची राहिली नाही, घाबरलेल्या प्रियकराची झाली.

इथे गाण्यांबद्दल बोलायला हवे, कारण हिंदी रूपांतरात गाणे म्हणजे कथानक दाबून बसवायची पेटी असते. कादंबरीत रोझीच्या यशानंतरचा काळ पानेच्या पाने चालतो. कार्यक्रम ठरवणे, पैसा, घरी येणारे बडे लोक, पत्त्यांचे अड्डे, आणि हळूहळू रोझीला आपण घाण्याला जुंपलेला बैल आहोत असे वाटू लागणे. सिनेमात हा दुरावा मुख्यतः लागोपाठ येणाऱ्या दोन गाण्यांत आटोपतो. एकात ती रंगमंचावरून त्याला बोल लावते, दुसऱ्यात तो. संवाद जवळजवळ नाही. सचिनदेव बर्मन यांच्या चाली आणि शैलेंद्र यांचे शब्द पाच-पन्नास पानांचे काम करून जातात. मात्र गाणे भावनेचा निकाल सांगते, तिची कारणे सांगत नाही. ही दोघे का दुरावली असे सिनेमा पाहिलेल्या कोणालाही विचारा, तो गाण्याची आठवण सांगेल, कारण सांगताना अडखळेल. घाण्याचा बैल गेला आणि रुसवा उरला.

तिसरी जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. कादंबरी दोन आवाजांत चालते. पडक्या देवळात बसलेल्या, गावकऱ्यांनी साधू समजलेल्या राजूची गोष्ट लेखक तिऱ्हाइताच्या आवाजात सांगतो. मागचा सगळा इतिहास, म्हणजे स्टेशन, रोझी, तुरुंग, हे राजू स्वतः 'मी' म्हणून सांगतो, आणि सांगतो वेलन या भाबड्या गावकऱ्याला. म्हणजे रोझीबद्दल आणि मार्कोबद्दल आपल्याला जे कळते ते एका पट्टीच्या थापाड्याच्या तोंडून. वाचक त्यातले थोडे सोडून, थोडे धरून वाचतो. मार्को खरोखर इतका कोरडा होता, की राजूला तो तसा हवा आहे? नारायण यांचा सगळा मिश्कीलपणा या फटीत आहे.

सिनेमानेही फ्लॅशबॅक ठेवला आहे. इथे वेलनचा भोला झाला आहे. ते काम आपल्या गजानन जागीरदारांनी केले आहे. राजूच्या आईच्या भूमिकेत लीला चिटणीस आहेत. म्हणजे रचना तशी तीच राहिली. पण कॅमेऱ्याने दाखवलेली गोष्ट प्रेक्षक साक्ष म्हणून पाहत नाही, घडलेली म्हणून पाहतो. राजू सांगतो की मार्को असा होता, आणि पडद्यावर मार्को तसा असतोच. शंकेला जागा राहत नाही. हा बदल कोणी ठरवून केला नाही. एकाही घटनेला धक्का न लावता तो होतो. थापाड्या निवेदक कागदावर सहज जगतो. पडद्यावर त्याला जगवायचे तर एकच घटना दोन-तीन वेगळ्या तऱ्हांनी दाखवावी लागते, जसे कुरोसावांनी 'राशोमोन'मध्ये केले, आणि मग सिनेमा त्याच विषयाचा होऊन बसतो. विजय आनंद यांना तो विषय नको होता. म्हणून 'गाईड'मधला फ्लॅशबॅक निव्वळ मागे जाण्याचा जिना उरला.

आता पावसाकडे येऊ. कादंबरीतल्या उपासाची सुरुवात गैरसमजातून होते. दुष्काळाने चिडलेल्या गावात मारामारी होते. लोक शहाण्यासारखे वागेपर्यंत मी जेवणार नाही, असे राजू वेलनच्या मंदबुद्धी भावाला सांगतो, आणि तो भाऊ गावात जाऊन सांगतो की पाऊस पडेपर्यंत स्वामी जेवणार नाहीत. भाकरीसाठी स्वामी झालेल्या माणसावर भाकरी सोडण्याची पाळी येते. पुढे गर्दी जमते, सरकार डॉक्टर पाठवते, अमेरिकेहून आलेला चित्रीकरणवाला मुलाखत घेतो, जत्रेसारखी दुकाने लागतात. या सगळ्या थट्टेच्या मध्यभागी राजूला आयुष्यात पहिल्यांदा असे वाटते की आपण काहीतरी स्वतःसाठी नसलेले करत आहोत. तेवढ्यावर लेखक थांबतो. तो संत झाला का? पाऊस आला का? यातले काही ठरवले तर थट्टा तरी मरेल नाही तर ती भावना तरी मरेल, म्हणून नारायण काहीच ठरवत नाहीत.

सिनेमाला हे न ठरवणे जमण्यासारखे नव्हते, आणि त्याचे मूळ पहिल्या गाठीत आहे. ज्या राजूला आपण प्रेमात वाहवत गेलेला, मुळातला भला माणूस केले, त्याच्या प्रायश्चित्ताचा निकाल लावणे भाग पडते. लबाडाचा शेवट अधांतरी ठेवता येतो, प्रेक्षक हसून उठतो. सज्जनाने बारा दिवस उपास केला आणि पाऊस आला की नाही तेच कळले नाही, तर प्रेक्षकाला फसवल्यासारखे वाटते. म्हणून पाऊस येतो. फुकट मिळालेला पाऊस चमत्कारातला वाटू नये म्हणून त्याची किंमत राजू जिवाने देतो. आणि हे मरण हार वाटू नये म्हणून मरणाआधी शरीर आणि आत्मा यांचा संवाद येतो, दोन राजू एकमेकांशी बोलतात. कादंबरीत या आध्यात्मिक चर्चेचा मागमूस नाही. पटकथेच्या हिशेबाने पाहिले तर ती अपरिहार्य आहे. मला स्वतःला तो प्रसंग जड जातो. पण तो काढला तर पाऊस हवेत लटकतो, हे मान्य करावे लागते.

याच साखळीत रोझीचे एक मोठे नुकसान होते, आणि तिथे मी कादंबरीच्या बाजूने भांडतो. नारायण यांची रोझी राजूला वाचवण्यासाठी वकिलाचा खर्च उचलते, पण त्याला शिक्षा झाल्यावर ती मालगुडी सोडते, मद्रासला जाते आणि नाचत राहते. राजूवाचून तिचे काही अडत नाही. तुरुंगात बसून तिची कीर्ती वाढत असल्याचे वर्तमानपत्रातून वाचणे, हीच राजूची खरी शिक्षा आहे. सिनेमात रोझी मध्यावर कादंबरीतल्यापेक्षा जास्त ताठ आहे. ती नवऱ्याला स्वतः सोडते, आणि त्या काळच्या नायिकेसाठी हे धाडसाचेच होते. शेवटी मात्र राजू सुटणार म्हणून ती तुरुंगाच्या दाराशी उभी राहते, तो आधीच सुटून गेल्याचे कळल्यावर राजूच्या आईबरोबर त्याला शोधत फिरते, आणि त्याच्या मरणाशी हजर राहते. मध्यात दिले ते शेवटी परत घेतले. कारण तेच, प्रायश्चित्त पूर्ण व्हायचे तर क्षमा करणारे कोणी समोर हवे.

पैशाचा आणि जागेचा भाग तसा सोपा आहे, पण त्यात एक दुर्मीळ सोय आहे. 'गाईड' दोनदा निघाला. एक इंग्रजी, दिग्दर्शक टॅड डॅनियलेव्स्की, पटकथा नोबेल मिळालेल्या पर्ल बक यांची, अमेरिकेच्या बाजारासाठी. दुसरा हिंदी. मुख्य नट तेच, कादंबरी तीच. दोन्ही एकदमच चित्रित करायचा बेत होता, तो फसला. आणि विजय आनंद यांनी इंग्रजी पटकथा बाजूला ठेवून हिंदीसाठी नव्याने लिहिले. इंग्रजी सिनेमा अमेरिकेत आपटला. नारायण यांनी त्या सगळ्या प्रकारावर 'मिसगायडेड गाईड' नावाचा लेख लिहिला. तो इतका खुसखुशीत आहे की लेखकाचे दुःख त्यात लपून जाते. मालगुडीचा पट म्हैसूरच्या आसपासच्या नद्या-खेड्यांतून विणलेला. नारायण यांनी सिनेमावाल्या पाहुण्यांना तो मुलूख हिंडवून दाखवला. पाहुणे खूष झाले आणि चित्रीकरणासाठी राजस्थानला गेले. रंगीत, भव्य पडद्याला राजवाडे आणि तळी हवी होती, आणि परदेशी प्रेक्षकाला ओळखू येणारा भारतही तोच होता.

हिंदी सिनेमातही उदयपूर राहिले, आणि जागा बदलली की कथानकही सरकते ते इथे दिसते. मालगुडी हे लहानखुरे गाव आहे. तिथे येणारा प्रवासी चुकून आलेला असतो, आणि त्याला बघण्याजोगे काहीतरी शोधून द्यायला राजूची कल्पनाशक्ती लागते. उदयपूरला सरोवरे आणि महाल आयतेच आहेत. तिथला गाईड थापा न मारताही पोट भरू शकतो. म्हणजे राजूच्या लबाडीचे मूळच जागेने खाल्ले. नंतर शंकर नाग यांनी दूरदर्शनसाठी 'मालगुडी डेज' केले तेव्हा कर्नाटकातल्या आगुंबे गावाला मालगुडी बनवले. त्या मालिकेत माणसे नारायण यांचीच वाटतात, त्यामागे नटांइतकाच त्या लाल मातीच्या रस्त्याचा हात आहे.

'गाईड'बाहेर पाहिले तरी हाच धागा सापडतो, फक्त पहिली गाठ वेगळ्या ठिकाणी असते. 'देवदास'चे घ्या. शरत्चंद्रांच्या कादंबरीत पारो आणि चंद्रमुखी एकमेकींना कधी भेटत नाहीत. बिमल रॉय यांनी 1955 साली त्यांना रस्त्यावर समोरासमोरून जाऊ दिले. एक नजर, बोलणे नाही. संजय लीला भन्साळी यांनी 2002 साली दोघींना हवेलीत एकत्र नाचवले. लोक याला दिग्दर्शकाची हौस म्हणतात. पण ऐश्वर्या राय आणि माधुरी दीक्षित एकाच सिनेमात असतील आणि एकाच चौकटीत येणार नाहीत, हे कोणत्या वितरकाला पटले असते? इथे पहिली गाठ नटसंचाने सोडली. मग भेटीला निमित्त हवे, निमित्ताला दुर्गापूजा हवी, आणि भेट झाली की ती उघडकीला आणून चंद्रमुखीचा अपमान करणारा खलपुरुष हवा. एका नाचासाठी एवढा संसार मांडावा लागला.

लांबीतून आलेला बदल पाहायचा तर 'द गॉडफादर' बघावा. मारिओ पुझो यांच्या कादंबरीत तरुण व्हिटोची जुनी गोष्ट मध्येच येते. कोपोलांनी ती 1972 च्या सिनेमातून उचलून 1974 च्या दुसऱ्या भागात नेली, गायक जॉनी फाँटेनचा पसारा छाटला, ल्युसीची उपकथा तर जवळजवळ पुसलीच. शंभर-सव्वाशे पानांची पटकथा आणि चारशे पानांची कादंबरी यांच्यात कोणाला तरी घराबाहेर झोपावे लागते. पुझो स्वतः पटकथेत सहभागी होते, तरीही हे झाले. लेखक पटकथेला बसला की कादंबरी वाचते, हा समज यामुळे जरा तपासून घ्यावा.

मराठीत उलट टोकाचे उदाहरण आहे 'सिंहासन'. तिथे एका कादंबरीतून काढण्याऐवजी अरुण साधू यांच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्या एकात ओतल्या. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, साल 1979. मंत्रालयातले डाव एकीकडे, कामगार पुढारी, चाळी आणि तस्कर दुसरीकडे. एवढी पात्रे दोन-अडीच तासांत आणायची तर कोणाचेच आयुष्य पूर्ण सांगता येत नाही. म्हणून सगळीकडे ये-जा करू शकणारा एक माणूस लागतो. निळू फुले यांचा पत्रकार दिगू हा तो दोरा. तो कथानक पुढे ढकलत नाही. पाहतो, ऐकतो, गप्प राहतो. पण एकदा तो दोरा झाला की सिनेमाचा शेवट खुर्ची कोणाला मिळाली यावर करता येत नाही, सगळे पाहिलेल्या माणसाचे काय झाले यावर करावा लागतो. दिगूचे ते शेवटचे वेड्यासारखे हसणे या गरजेतून आले आहे, असे मी समजतो. बांधणीची निकड आणि आशयाची निकड एकाच जागी येऊन मिळाल्या, म्हणून तो शेवट इतका अंगावर येतो.

साखळी नीट बांधली आहे की मध्येच तुटली आहे, हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. मूळ पुस्तक बाजूला ठेवून सिनेमाच्या माणसांना त्यांच्याच जगात प्रश्न विचारावेत. कादंबरीतली एखादी घटना सिनेमात तशीच आली, पण तिचे कारण वाटेत गळाले असेल, तर ती घटना परक्या घरातल्या खुर्चीसारखी दिसते. 'गाईड'मध्येच अशी एक खुर्ची आहे. खोट्या सहीची शिक्षा भोगून राजू सुटतो आणि घरी न जाता अनोळखी मुलखात निघून जातो. कादंबरीत हे पटते. घरी त्याचे कोणी उरलेले नाही, आई मामाकडे गेली आहे, रोझी मद्रासला आहे, गावात तोंड दाखवायची सोय नाही. सिनेमात मात्र आई आणि रोझी दोघी त्याच्या वाटेकडे डोळे लावून आहेत. मग तो जातो का? लाज वाटते म्हणून, असे उत्तर देता येते, आणि सचिनदेव बर्मन यांनी स्वतः गायलेले सुरुवातीचे गाणे त्या उत्तराला इतका जोर देते की थिएटरात प्रश्न पडतच नाही. घरी आल्यावर पडतो.

नारायण यांना मिळालेल्या वागणुकीत आणखी एक गंमत होती. 'गाईड'ला फिल्मफेअरची बक्षिसे भराभर मिळाली. सिनेमा, दिग्दर्शक, नट, नटी, संवाद, छायाचित्रण. त्यांत एक सर्वोत्कृष्ट कथेचेही होते, आणि ते नवरा-बायकोचा क्रम उलटवणाऱ्या, पाऊस पाडणाऱ्या विजय आनंद यांना मिळाले नाही. ते मिळाले आर. के. नारायण यांना.